आजीची अवस आणि पेपरातली तारीख

प्रश्न: माझी आजी ८३ वर्षांची आहे. पानशेतच्या पुरात ती नारायण पेठेतल्या वाड्यात होती, नुकतीच लग्न होऊन आलेली. तिच्या आठवणी मी लिहून काढतोय. ती ठामपणे सांगते की त्या दिवशी दिव्याची अवस होती, सकाळी सातला धरण फुटलं, फुटल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला आणि सगळे पर्वतीकडे पळाले. मी शोधलं तर तारीख १२ जुलै १९६१ आणि दिव्याची अवस त्या वर्षी ऑगस्टमध्ये होती. काका म्हणतात तिला आता काही आठवत नाही, पुस्तकं बघून लिही. माझा जन्म १९९६ चा. कोणाचं धरू?

उत्तर:

आजी आणि पेपर एकाच गोष्टीबद्दल बोलतायत असं तुम्ही धरून चाललाय, खरा गुंता तिथे आहे. पेपरात धरणाचं काय झालं ते आहे, आजी सांगतायत ते वाड्यात काय झालं ते. धरणावर काय चाललंय हे त्या सकाळी नारायण पेठेतल्या स्वयंपाकघरात कोणाला कळायचं काही कारणच नव्हतं. म्हणजे आजींच्या सांगण्यात जिथे जिथे धरण येतं ते त्यांना नंतर कळलेलं आहे, आणि जिथे जिना, चूल, सासूबाई, पाणी येतं ते त्यांचं स्वतःचं आहे. साठ वर्षांत या दोन्हीचा एकच गोळा झालाय. तो हलक्या हाताने सोडवायचं काम तुमचं, आणि ते जमतं.

मी वीसेक वर्षं म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करून लिहून देते, बऱ्याचदा त्यांच्याच घरच्यांसाठी. त्यातल्या पुण्याच्या माणसांपैकी पुराबद्दल बोलला नाही असा माणूस विरळाच. त्यामुळे हे जे सांगतेय ते बरंचसं चुका करून शिकलेलं आहे.

आधी एक सांगते, आजींची तब्येत कशी आहे त्यावर पुढचं पुष्कळ अवलंबून आहे. सकाळी काय खाल्लं ते विसरतात पण १९६१ सरळ सांगतात, असं असेल तर काळजी नको, तसं खूप जणांचं असतं. पण दर वेळी सांगताना माणसंच बदलत असतील, कधी नणंद कधी बहीण, तर मग त्यांच्या तपशिलावर फार भार टाकू नका. दुसरं, त्या पुरात घरातलं कोणी गेलं असेल तर खाली मी जे प्रश्न सुचवलेत त्यातले अर्धे विचारायचेच नाहीत, त्या आपणहून बोलल्या तर ऐकायचं. आणि तिसरं, हे घरापुरतं आहे की छापणार आहात. घरापुरतं असेल तर बरंच सैल सोडता येतं.

आता अवस. मला तुमच्या प्रश्नातली ही गोष्ट सगळ्यात आवडली, कारण काका म्हणतात तसं आजींना आठवत नसतं तर त्या ही चूक करूच शकल्या नसत्या.

१९६१ ला अधिक महिना होता, अधिक ज्येष्ठ. जुनं पंचांग हाताशी नसेल तर एक युक्ती आहे, दर १९ वर्षांनी तिथी आणि तारखा जवळजवळ पुन्हा जुळतात, एखाद्या दिवसाचा फरक पडतो. १९६१ मध्ये १९ तीनदा मिळवले की २०१८ येतं. २०१८ चं कॅलेंडर कोणाच्या तरी माळ्यावर सापडेलच, नाहीतर नेटवर आहे. त्यात बघा, मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत अधिक ज्येष्ठ आहे, जुलैच्या १२-१३ तारखेला ज्येष्ठाची अमावास्या आहे आणि दिव्याची अवस ११ ऑगस्टला. १९६१ लाही हेच. म्हणजे १२ जुलै, बुधवार, त्या दिवशी अमावास्या होतीच. फक्त ती ज्येष्ठाची होती, आषाढाची नाही. आजींनी अमावास्या बरोबर धरून ठेवली आणि नाव चुकीच्या अमावास्येचं दिलं.

नाव का चुकलं हे बघण्यात खरी मजा आहे. एकतर दिव्याची अवस पुष्कळ वर्षी जुलैच्या उत्तरार्धातच येते, त्यामुळे पुढे कधीतरी ‘जुलै, पाऊस, अमावास्या’ म्हटलं की दिव्याची अवस हे आपोआप जोडलं गेलं असेल. पण मला दुसरं कारण जास्त पटतं. पूर आला त्या दिवशी शहरातली वीज गेली आणि पुढेही कितीतरी घरांत रात्री कंदील-चिमण्यांवरच काढल्या गेल्या. दिवे शोधणं, घासणं, काचा पुसणं, रॉकेल कुठे मिळतंय ते बघणं, हे सगळं नव्या सुनेच्याच अंगावर पडलं असणार. अमावास्या आणि दिवे या दोन गोष्टी एकत्र आल्यावर आपल्याकडे त्याला एकच नाव आहे. हा माझा अंदाज आहे हं, पण तपासता येण्यासारखा. आजींना विचारा, त्या रात्री घरात उजेड कशाचा होता, दिवा कुठून आणला, कोणी लावला. अवसेचा विषयच काढू नका. त्या जर आपणहून दिव्यांबद्दल भरभरून बोलल्या तर समजा धागा हाताला लागला.

तारखेची खात्री करायला अजून एक खुंटी आहे, पालखी. त्या वर्षी आषाढी एकादशी २३ जुलैच्या सुमाराला होती, म्हणजे पालख्या पुण्यातून दोन-चार दिवस आधीच पुढे गेलेल्या असणार. पेठेतल्या घरात पालखीच्या दिवसांत वारकरी, पाहुणे, स्वयंपाक असं काही ना काही असतं. ‘पालखीनंतर किती दिवसांनी पाणी आलं?’ असं विचारलंत तर तारखेपेक्षा सरळ उत्तर मिळेल. जुन्या माणसांचं कॅलेंडर सणांचं, बाळंतपणांचं आणि शाळेच्या शिफ्टचं असतं, त्यांना १२ जुलै विचारलं की ते पेपरातलं वाचलेलं सांगतात, कारण तारीख त्यांनी पेपरातूनच शिकलेली असते.

आता ‘सातला धरण फुटलं’. पानशेतचं मातीचं धरण सकाळी सातच्या सुमाराला फुटलं हे खरं आहे, पण ते आंबी नदीवर, पुण्यापासून चाळीसेक किलोमीटरवर. ते पाणी आधी खडकवासल्याच्या तलावात आलं आणि पुढे त्याच दिवशी खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही फुटलं. नारायण पेठेत पाणी सातला असणं शक्यच नाही. सात ही वेळ वाड्यातल्या घड्याळातली नाही, ती नंतर कधीतरी बातम्यांतून, चौकशी आयोगाच्या चर्चेतून, दर वर्षी १२ जुलैला येणाऱ्या लेखांतून आजींच्या गोष्टीत येऊन बसली. मग वाड्यात पाणी कितीला आलं? घड्याळाची वेळ विचारू नका. स्वयंपाक कुठवर आला होता ते विचारा. कणीक मळून झाली होती का, पोळ्या झाल्या होत्या का, सासऱ्यांची पूजा झाली होती का, कोण शाळेत किंवा ऑफिसला गेलं होतं आणि परत आलं होतं का. एकदा एका बाईंनी मला अगदी ठासून ‘पहाटे’ सांगितलं होतं, आणि पुढच्याच वाक्यात ‘आमटीचं पातेलं तसंच राहिलं, पाण्यावर तरंगत गेलं’. पहाटे आमटी कोण करतं. मी त्यांना टोकलं नाही, फक्त पातेल्याबद्दल अजून विचारलं, तर त्या म्हणाल्या, जेवायची पानं मांडायची होती. म्हणजे पार दुपारकडे कललेलं. आकाश काळं होतं म्हणून पहाट वाटत राहिली बहुतेक.

फुटल्याचा आवाज. खडकवासला आजींच्या वाड्यापासून पंधरा-वीस किलोमीटरवर, पाऊस कोसळतोय, रस्त्यावर आरडाओरडा. धरणाचा आवाज त्यांनी ऐकला असेल असं मला वाटत नाही. पण आवाज ऐकलाच नाही असंही म्हणू नका. पेठांतले वाडे लाकडी सांगाड्याचे, वरच्या भिंती कच्च्या विटांच्या आणि मातीच्या. पाणी दोन-तीन तास पायाशी राहिलं की भिंत खालून भिजून एकदम बसते, आणि एक वाडा बसला की धडाम आवाज होऊन आख्ख्या गल्लीत मातीचा वास सुटतो. त्या दिवशी असे पुष्कळ वाडे बसले. तेव्हा विचारा, आवाजानंतर काय दिसलं? धूळ उडाली का? कोण ओरडलं? आवाजाच्या आधी पाणी होतं की नंतर आलं? हा शेवटचा प्रश्न कामाचा आहे. पाणी आधीच घरात असेल तर तो आवाज पेठेतलाच, कुठल्या तरी शेजारच्या वाड्याचा. आणि तसं निघालं तर ती गोष्ट पेपरात कुठेच नाही, ती फक्त तुमच्या आजींकडे आहे.

इथे माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या काळात एका निवृत्त मास्तरांच्या आठवणी लिहिताना मी लिहिलं, ‘धरण फुटल्याची बातमी ऐकताच आम्ही जीव मुठीत धरून धावलो.’ टेपवर त्यांनी सांगितलं होतं, पाणी चढलंय कळलं आणि आम्ही नदीकडे गेलो. मी ते वाचलं आणि माझ्या डोक्यात पुढचं सगळं तयार होतं, त्यामुळे नदीकडे जाणं मला वेडेपणाचं वाटलं आणि मी नकळत दिशाच उलटी केली. मास्तर वाचून म्हणाले, ‘अहो, आम्ही बघायला गेलो होतो. दर पावसाळ्यात जायचो. लकडी पुलावर उभं राहून पाणी बघायचं ही पुणेकरांची करमणूक होती.’ मी अक्षरशः गप्प झाले. त्यांचं वय तेव्हा सतरा, हातात छत्री, बरोबर दोन मित्र. त्यांना पूर येणार होता हे माहीतच नव्हतं, फक्त नदी भरली होती. ज्या पुलावर ते उभे होते तो काही वेळाने पाण्याखाली गेला.

तुमच्यात आणि आजींच्यात जे अंतर आहे ना ते पूर आणि तुमचा जन्म यांमधल्या ३५ वर्षांचं नाही, ते हे आहे. तुम्हाला शेवट माहितीये. त्या सकाळी त्यांना तो माहीत नव्हता. तारीख चुकली तर कोणीतरी दुरुस्त करेल, पण त्यांच्या सकाळी तुम्ही भीती घालून ठेवलीत तर ती कोणालाच पकडता येणार नाही, कारण ती वाचायला एकदम बरोबर वाटते. मी आता लिहून झालं की एकदा फक्त यासाठी वाचते, हे वाक्य त्या क्षणी त्या माणसाला माहीत असणं शक्य होतं का? ‘ती शेवटची सकाळ होती’, ‘कोणाला कल्पनाही नव्हती की’, असली वाक्यं सगळी माझी निघतात, त्यांची एकही नाही. आणि ‘पानशेतचा पूर’ हे नावसुद्धा. त्या दिवशी सकाळी ते नाव कोणाच्या तोंडात नव्हतं. लोक म्हणत होते नदीला पाणी आलंय.

आता रेकॉर्डिंग ऐकताना कान कुठे ठेवायचा ते सांगते. आपल्या भाषेत एक छोटासा शब्द आहे, ‘म्हणे’. ‘पाणी जिन्याच्या पाचव्या पायरीला आलं’ आणि ‘लष्कराची माणसं आदल्या रात्री धरणावर वाळूची पोती टाकत होती म्हणे’. पहिलं बघितलेलं, दुसरं ऐकलेलं, आजी बोलता बोलता स्वतःच वर्गवारी करून देतायत. (पोत्यांचं खरंच आहे, जवान रात्रभर राबले होते, पण आजींना ते नंतर कळलं.) आणि आपण काय करतो, लिहिताना वाक्य सुटसुटीत दिसावं म्हणून ‘म्हणे’ काढून टाकतो. एक शब्द गेला आणि ऐकीव गोष्ट डोळ्यांनी बघितलेली झाली. मी लिहून काढताना म्हणे, असं ऐकलं, लोक सांगायचे, हे सगळे शब्द आधी लाल करून ठेवते आणि मगच बाकीचं वाक्य हलवते. तसंच ‘आम्ही’ आणि ‘लोक’. ‘आम्ही माळ्यावर चढलो’ हे त्यांचं, ‘लोक झाडांवर चढले होते’ हे कदाचित पाहिलेलं, कदाचित फोटोत पाहिलेलं. मध्येच आम्हीचं लोक झालं की तिथे थांबून नंतर विचारायचं. एक मात्र आहे, पन्नास वेळा सांगून झालेल्या गोष्टीतून ‘म्हणे’ आपोआप झडतं. आजींनी ही गोष्ट दर गणपतीला नातवंडांना सांगितली असेल तर ती पॉलिश झालेली असणार, तिच्यात म्हणे सापडणार नाही. अशा वेळी मी वेगळ्याच दाराने जाते, ते पुढे सांगते.

पर्वतीकडे पळाले त्याबद्दल. पुरानंतरच्या दिवसांत शहरात ‘पाणी आलं, पाणी आलं’ अशा अफवा उठून लोक पुन्हा पळत सुटले होते. त्यामुळे ज्यांच्याशी मी बोलले त्यातल्या कित्येकांच्या डोक्यात दोन पळापळींची एकच झालीये. तुमच्या आजी कुठल्या वेळी पर्वतीकडे गेल्या ते मला इथून सांगता येणार नाही, पण ओळखायला काही खुणा आहेत. अंगावरचं लुगडं ओलं होतं का. हातात काय होतं. खरं पाणी आलं तेव्हा माणसांनी हाताला लागेल ते उचललं, एका बाईंनी तर पाटा-वरवंट्यातला नुसता वरवंटा उचलला होता आणि संध्याकाळपर्यंत तो हातात होता. अफवेच्या वेळी बोचकं बांधून दाराशी तयार असायचं, दागिने कमरेला. रस्ता कोरडा होता की चिखल होता. घरातली सगळी माणसं बरोबर होती का, कारण पहिल्या वेळी बहुतेक घरांची फाटाफूट झालेली, कोणी माळ्यावर, कोणी शेजारच्या गच्चीवर. आजींनी बोचकं आणि चिखल सांगितला तर पर्वती ही दुसऱ्या दिवसाची किंवा नंतरची गोष्ट आहे आणि पहिल्या दिवशी त्या दुसरीकडेच कुठे तरी होत्या. त्याबद्दल त्या आजवर बोलल्याच नसतील, कारण पर्वतीचं सांगायला सोपं आहे.

बसायचं कसं. पहिल्या बैठकीत फक्त ऐका, मध्ये एकही प्रश्न नाही, तारखा आणि पेपरातलं काहीही त्यांना सांगायचं नाही, फोटो दाखवायचे नाहीत. एकदा का तुम्ही ‘अगं आजी, दिव्याची अवस ऑगस्टमध्ये होती’ म्हणालात की त्या पुढच्या वेळी ‘अवस नव्हती म्हणे’ असं सांगणार, आणि मग मूळचं हाताला लागणार नाही. तुमच्या प्रश्नावरून वाटतंय हे तुम्ही बहुतेक बोलून बसलाय. हरकत नाही, पण ते कधी बोललात ती तारीख वहीत लिहून ठेवा, त्याआधीचं आणि नंतरचं रेकॉर्डिंग वेगळं धरायला.

दुसऱ्या बैठकीत पूर सोडा, वाडा घ्या. मोठा कागद आणि पेन्सिल द्या, वाड्याचा नकाशा काढायला सांगा. दिंडी दरवाजा कुठे, चौक, नळ, संडास, जिने किती, बिऱ्हाडं किती, प्रत्येक बिऱ्हाडात कोण. हेच ते वेगळं दार. पुराची गोष्ट पॉलिश झालेली असली तरी नळाची नसते, कारण ती कोणी विचारलेलीच नसते. नकाशा झाला की मग बोट ठेवून विचारा, पाणी आधी कुठे दिसलं? एका काकूंनी मला सांगितलं की पाणी दरवाजातून नाही आलं, आधी मोरीतून उलटं वर आलं, आणि सासूबाई ओरडल्या की मोरी तुंबवली कोणी. सुनेला ओरडा खावा लागला त्या पाण्यासाठी! हे कुठल्या पुस्तकात असतं का.

पाणी किती चढलं तेही नकाशावरच विचारा, फुटात नको. ‘पंधरा फूट’, ‘वीस फूट’ हे आकडे ऐकलेले असतात. कितव्या पायरीपर्यंत, कोणत्या कोनाड्यापर्यंत, देव्हाऱ्यातले देव भिजले का. वाडा उभा असेल तर पायरी मोजता येते. नसेल तर त्या भागात काही भिंतींवर पुराच्या पातळीच्या खुणा किंवा पाट्या अजून आहेत, तिथे जाऊन उभे राहा आणि आजींच्या घरापर्यंत उतार कसा आहे ते बघा. मी ज्या दोन-तीन वेळा असं पडताळून पाहिलं त्या प्रत्येक वेळी आकडा चुकला होता आणि पायरी बरोबर निघाली होती.

एका बैठकीला पाऊण तास पुरे. त्यापुढे त्या थकतात आणि तुम्हाला खूश करायला सांगायला लागतात.

लिहिताना काय करायचं. आजींचं दुरुस्त करू नका आणि जसंच्या तसं खरं म्हणून छापूही नका, दोन आवाज वेगळे ठेवा. उदाहरणादाखल अवसेचं, समजा दिव्यांचा माझा अंदाज बरोबर निघाला तर मी असं लिहीन:

‘आजी सांगते, दिव्याची अवस होती. तारीख १२ जुलै, अमावास्या खरी, पण ज्येष्ठातली. त्या वर्षी अधिक महिना आल्याने दिव्याची अवस अजून महिनाभर लांब होती. त्या रात्री पेठेत लाइट नव्हते. माळ्यावरचा कंदील आजीने काढला, काच फुटलेली होती, ती तशीच ठेवून लावला.’

एवढंच. त्यात ‘आजी चुकली’ असं कुठे म्हणायची गरज पडत नाही. काचेचा तपशील मी बनवलाय, तुम्ही बनवू नका, आजींना विचारा. जे कळलं नाही ते मोकळं सोडा. ‘पाणी नेमकं कधी आलं ते आजीला सांगता येत नाही, पोळ्या झाल्या होत्या’ हे वाक्य पूर्ण आहे, त्यात वेळ भरायची नाही.

भाषेचंही तसंच, आणि इथे आपल्याकडचं एक जुनं उदाहरण आठवतं. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे गेले, बंडात सापडले, झाशीचा वेढा त्यांनी आत राहून बघितला. लिहिलं मात्र पंचवीसेक वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. वैद्यांनी ते १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ म्हणून छापलं, पण आपल्या हाताने भाषा आणि मजकूर बदलून, आणि मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली आवृत्ती यायला १९६६ उजाडलं. म्हणजे तिथे एकावर एक किती हात आहेत बघा. घडताना तिथे असलेला तिशीचा भटजी, लिहिणारा पन्नाशीपलीकडचा भटजी, आणि वर सुशिक्षित संपादक. पहिल्या दोघांत पण अंतर आहे, ते एकच माणूस असूनसुद्धा. गोडसे भटजी झाशीतल्या पाण्याच्या हालांबद्दल लिहितात तेव्हा आणि जिथे ते नव्हतेच त्या ठिकाणांबद्दल लिहितात तेव्हा, दोन्ही सारख्याच ठसक्यात. वाचणाऱ्यालाच बघावं लागतं की या वेळी भटजी होते कुठे. वैद्यांचा हेतू चांगलाच होता, त्यांच्यामुळे ते लिहिलं तरी गेलं. पण मूळ हस्तलिखित टिकलं म्हणून आज आपण दोन्ही शेजारी ठेवून बघू शकतो. तुम्ही वैद्य झालात तरी चालेल, रेकॉर्डिंग तेवढं पुसू नका. फोनवर ठेवू नका, दोन ठिकाणी कॉपी करा आणि फाइलच्या नावात तारीख घाला.

काकांचं. पुस्तकं बघून लिही हा सल्ला अर्धा बरोबर आहे, धरण, आयोग, कोणती वस्ती कुठे हलवली हे पुस्तकातूनच घ्यावं लागेल, आजींकडून नाही. पण काका तेव्हा जन्मले होते का? नसतील तर त्यांच्याकडेही जे आहे ते आजींकडूनच आलेलं आहे, फक्त पन्नास वर्षांपूर्वी, आजींची आठवण ताजी होती तेव्हा. त्यांनी लहानपणी काय ऐकलं ते वेगळं बसून रेकॉर्ड करा, आजींना न ऐकवता. दोघांच्यात जे जुळेल ते जुनं, आणि आजींच्या आताच्या सांगण्यात जे जास्तीचं आहे ते तपासायचं. कधी कधी उलटंही होतं, काकांच्या आवृत्तीत आजींनी मुलांसाठी गाळलेलं असतं.

लिहून झालं की आजींना वाचून दाखवा, मोठ्याने, हळू. त्या दोन-तीन ठिकाणी ‘असं नव्हतं’ म्हणतील. ते बदला, पण आधीचं पण ठेवा. मास्तरांना मी दुरुस्त केलेला भाग परत वाचून दाखवला, पुलावरचा, छत्रीचा. ते म्हणाले, ‘हां, आता बरोबर.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘मित्र दोन नव्हते, तीन होते. तिसऱ्याचं कधी कोणाला सांगितलं नाही.’ मी रेकॉर्डर बंद करू का विचारलं. ते म्हणाले, राहू दे चालू.